पगारवाढ, स्लॅब आणि बारा लाखांची कड

इन्क्रिमेंटची पत्रं वाटली गेली की ऑफिसात कुणीतरी म्हणतंच, “मी वरच्या स्लॅबमध्ये गेलो. वाढ मिळाली त्याहून जास्त टॅक्समध्ये जाणार.” हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की काही जण खरोखरच बोनस पुढच्या वर्षी द्या म्हणून मागे लागतात, कुणी जादा कामाचे पैसे नाकारतात. हा तोटा ते निव्वळ एका चुकीच्या हिशेबापायी सोसतात, म्हणून तो हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

गैरसमज: वरच्या स्लॅबमध्ये गेलं की सगळ्या उत्पन्नावर वरचा दर लागतो

2025-26 या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीत पहिल्या 4 लाखांवर कर नाही. 4 ते 8 लाखांमधल्या रकमेवर 5 टक्के, 8 ते 12 मध्ये 10, 12 ते 16 मध्ये 15, 16 ते 20 मध्ये 20, 20 ते 24 मध्ये 25 आणि त्यापुढे 30 टक्के. यातला “मधल्या रकमेवर” हा भागच लोक विसरतात. दर माणसाला लागत नाही, त्या-त्या टप्प्यात पडलेल्या रुपयांना लागतो. महावितरणचं घरगुती बिल असंच निघतं: 120 युनिट जाळले तर वरच्या 20 युनिटांना पुढचा दर पडतो, पहिली 100 युनिटं स्वस्त दरातच राहतात.

समजा एका बाईंचा वर्षाचा पगार 16 लाख 65 हजार आहे. 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली की करपात्र उत्पन्न उरतं 15 लाख 90 हजार. त्यांना 50 हजारांची वाढ मिळते आणि करपात्र रक्कम 16 लाख 40 हजार होते, म्हणजे 20 टक्क्यांच्या टप्प्यात शिरते. चुकीचा हिशेब असा चालतो: आधी 15 टक्क्यांनी 2,38,500, आता 20 टक्क्यांनी 3,28,000. म्हणजे 50 हजारांच्या वाढीवर जवळपास 90 हजारांचा जादा कर. असं असतं तर वाढ नाकारणंच शहाणपणाचं ठरलं असतं.

प्रत्यक्षात वाढीपूर्वी 4 ते 8 लाखांच्या टप्प्याचे 20 हजार, 8 ते 12 चे 40 हजार आणि 12 लाखांच्या वरच्या 3 लाख 90 हजारांवर 15 टक्क्यांनी 58,500, असे एकूण 1,18,500 होतात. त्यावर 4 टक्के उपकर धरून 1,23,240. वाढीनंतर खालचे दोन्ही टप्पे जसेच्या तसे राहतात. तिसरा टप्पा पूर्ण भरून 60 हजारांचा होतो आणि 16 लाखांच्या वर गेलेल्या फक्त 40 हजारांना 20 टक्के लागून 8 हजार येतात. एकूण 1,28,000, उपकरासह 1,33,120. कर वाढला 9,880 रुपयांनी आणि 50 हजारांतले 40,120 बाईंच्याच हातात राहिले. “वीस टक्केवाल्या” झाल्यावरही त्यांचा एकूण कर करपात्र उत्पन्नाच्या 8 टक्क्यांच्या आसपासच आहे.

स्लॅबचा सर्वांत वरचा दर 30 टक्के आहे. त्यामुळे निव्वळ स्लॅबच्या गणितात जादा रुपयातले निदान 70 पैसे, उपकर गेल्यावर 68 पैसे आणि काही अंश, मिळवणाऱ्याकडेच राहतात. टप्पा कुठलाही ओलांडा, हातातली रक्कम वाढतेच.

गैरसमज: पण माझ्या स्लिपवर तर कमी पगार आलाय

असं होतं आणि त्याचं कारण बहुतेकदा टीडीएसच्या वाटपात असतं. वरच्याच बाईंचा 16 लाख 65 हजारांचा मूळ पगार धरू. त्यांचा दरमहा टीडीएस 10,270 रुपये कापला जातो. त्यांना फेब्रुवारीत 1 लाखाचा बोनस मिळतो. त्यावर उपकरासह 20,280 रुपये जादा कर बसतो आणि वर्ष संपायला दोनच पगार उरलेले असतात. ऑफिसाने तो दोन भागांत विभागला तर मार्चमध्ये टीडीएस 20,410 होतो. मार्चमध्ये बोनस नाही आणि कापणी दुप्पट, त्यामुळे त्या महिन्याचा पगार नेहमीपेक्षा 10,140 रुपयांनी कमी दिसतो. काही ठिकाणी हा सगळा कर बोनसच्याच महिन्यात कापतात, मग बोनसच खाल्ल्यासारखा वाटतो. दोन्हीकडे वर्षाचा हिशेब एकच: 1 लाखातले 79,720 रुपये हाती आले. म्हणून एका महिन्याची स्लिप पुढे ठेवून निष्कर्ष काढू नये, फॉर्म 16 वरची वर्षाची बेरीज पाहावी. बेसिक वाढल्यामुळे पीएफची कपात वाढली असेल तर तीही वेगळी काढून बघावी. ते पैसे कराचे नाहीत, आपल्याच खात्यात जमा होतात.

मग बारा लाखांचं काय?

इथे मात्र भीतीला खरा आधार आहे आणि तो लपवून “कधीच तोटा नाही” असं सरसकट सांगणं बरोबर नाही. 12 लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर स्लॅबप्रमाणे निघालेला 60 हजारांपर्यंतचा कर कलम 87अ खाली पूर्ण माफ होतो. ही माफी स्लॅबचा भाग नाही. ती वेगळी सवलत आहे आणि 12 लाख ओलांडताच ती जाते. नुसती गेली असती तर एका रुपयासाठी 60 हजार भरावे लागले असते. तसं होऊ नये म्हणून सीमांत सवलत ठेवली आहे: 12 लाखांच्या वर जेवढी रक्कम, त्याहून जास्त कर घेतला जात नाही.

पण उपकर त्या मर्यादित कराच्या वर लागतो. पगार 12 लाख 75 हजार असेल तर करपात्र उत्पन्न बरोबर 12 लाख आणि कर शून्य. पगार 13 लाख झाला की करपात्र 12 लाख 25 हजार. स्लॅबने कर 63,750 निघतो, तो 25 हजारांवर थांबतो आणि 1 हजार उपकर मिळून 26 हजार भरावे लागतात. हाती उरतात 12 लाख 74 हजार, म्हणजे 25 हजारांच्या वाढीनंतर आधीपेक्षा हजार रुपये कमी. हा तोटा जास्तीत जास्त 2,800 रुपयांच्या थोडा वर जातो आणि पगार साधारण 13 लाख 49 हजारांवर पोचला की भरून निघतो. त्यापुढे पुन्हा प्रत्येक रुपयातले 84 पैसे हातात. या पट्ट्यात पगार येत असेल तर मालकाकडून एनपीएसमध्ये जाणारा वाटा वाढवून घेता येतो का ते विचारावं, कारण ती वजावट नव्या प्रणालीतही मर्यादेत मिळते. 25 हजार तिकडे वळले तर करपात्र रक्कम पुन्हा 12 लाखांवर येते आणि 26 हजारांचा कर उरत नाही. पैसे मात्र निवृत्तीपर्यंत बव्हंशी अडकतात, हे धरून ठरवावं.

जुनी प्रणाली निवडणाऱ्यांसाठी ही कड अधिक धारदार आहे. तिथे माफीची मर्यादा 5 लाख आहे आणि त्या माफीला सीमांत सवलत नाही. करपात्र उत्पन्न 5 लाख असेल तर कर शून्य. 5 लाख 10 हजार झालं तर 14,500 अधिक उपकर, म्हणजे 15,080 रुपये. दहा हजार जास्त मिळवून पाच हजारांचा खड्डा. पण 80क खालची दीड लाखाची मर्यादा पूर्ण वापरलेली नसेल, तर 31 मार्चच्या आत पीपीएफमध्ये 10 हजार भरले की माफी परत मिळते.