हरकतीवरची हरकत

'हरकत-ए-जौहरी' हा शब्दप्रयोग मराठी वाचकाला हमखास चकवतो, कारण त्यातले दोन्ही शब्द आपल्या घरातले वाटतात. 'हरकत नाही' म्हणताना आपण आडकाठी नसल्याचे सांगतो. मूळ अरबीत मात्र हरकत म्हणजे हालचाल, गती. जौहर म्हणजे तत्त्वज्ञानाच्या भाषेत द्रव्य, आणि सराफकट्ट्यावरचे 'जवाहीर' हे त्याच शब्दाचे अनेकवचन. तेव्हा हरकत-ए-जौहरी म्हणजे द्रव्याची गती. वस्तूचा रंग किंवा जागा बदलते एवढेच नव्हे, तर ती वस्तू स्वतःच, गाभ्यापासून, अखंड बदलत असते, असे हे मत. ते मांडले सतराव्या शतकात शिराझच्या सद्रुद्दीनने, म्हणजे मुल्ला सद्राने. आणि त्यावरची सर्वांत भक्कम हरकत, मराठी अर्थाने, इब्न सीनाने सुमारे सहाशे वर्षे आधीच घेऊन ठेवली होती. ती नीट समजल्याशिवाय सद्रा समजत नाही.

झाडावरची कैरी घ्या. ती मोठी होते, हिरव्याची पिवळी होते, वाऱ्याने हलते. या प्रत्येक बदलात काहीतरी बदलते आणि काहीतरी टिकते: रंग पालटतो, तो ज्याचा आहे ते फळ राहते. इब्न सीनाच्या मते गतीला असा वाहक लागतोच. म्हणून परिमाण, गुण, स्थान आणि अंगस्थिती या चारच बाबतींत त्याने गती मान्य केली. द्रव्यात ती का नाही? समजा, द्रव्यच सरकते आहे. मग वाटेत मध्यावर मूळची जात टिकून आहे की नाही? टिकून असेल तर द्रव्य बदललेच नाही, त्याला चिकटलेले काहीतरी बदलले. टिकून नसेल तर कोणी सरकले नाही. एक वस्तू संपली आणि दुसरी जन्मली, तीही एका क्षणात. जातीला कमीअधिक होता येत नाही; एखादा घोडा दुसऱ्याहून 'अधिक घोडा' नसतो. म्हणजे एक तर गती नाही, नाहीतर गतिमान कोणी नाही.

सद्राचे कौशल्य असे की तो हा युक्तिवाद खोडत बसत नाही. तो त्याखालचे गृहीतक काढून घेतो.

कोणत्याही वस्तूबद्दल दोन प्रश्न विचारता येतात: ती काय आहे, आणि ती आहे का? पहिल्याच्या उत्तराला अरबीत माहिय्या म्हणतात, दुसऱ्याच्या उत्तराला वुजूद. आपण त्यांना 'कायपण' आणि 'असणे' म्हणू. मनाबाहेर या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. मग बाहेर जे खरोखर आहे ते यांपैकी कोणाचे? सन 1191 मध्ये अलेप्पोत मारला गेलेला सुहरावर्दी म्हणाला होता की असणे ही केवळ मनाची कल्पना आहे. असणे हीच एक खरी गोष्ट मानली, तर तिलाही असणे लागेल, त्या असण्याला आणखी एक असणे, आणि ही साखळी कधी संपणारच नाही. सद्राचा गुरू मीर दामाद कायपणाच्याच बाजूचा होता. खुद्द सद्राही आधी त्या मताचा कडवा समर्थक होता आणि नंतर उलटला. ही कबुली त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे.

सुहरावर्दीला त्याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगता येते. भाजी मिठाने खारट होते. मीठ कशाने खारट होते, असे कोणी विचारत नाही. इतर गोष्टी असण्यामुळे असतात. असणे स्वतःच असते. साखळी पहिल्याच कडीशी थांबते. मग कायपण म्हणजे काय? असण्याची एक मर्यादा, मनाने आखलेली. यालाच असालत-ए-वुजूद, असण्याचे मूलत्व, म्हणतात.

आता कैरीकडे परत येऊ. कोकणातला माणूस कैरी, पाड आणि आंबा असे शब्द वापरतो, पण झाडाला हे टप्पे ठाऊक नसतात. तिथे एक अखंड पिकणे आहे आणि आपण त्यावर तीन ठिकाणी खुणा केल्या आहेत. तीनशेही करता आल्या असत्या. रेषेवर बिंदू असतात तसे हे: हवे तितके काढता येतात, पण रेषा बिंदू जोडून बनलेली नसते. सद्राच्या मते द्रव्याच्या जातीही अशाच. असण्याला, जातीसारखे नव्हे, कमीअधिक होता येते. ते दुबळे किंवा तीव्र असू शकते. म्हणून 'मध्यावर तीच जात आहे का?' या प्रश्नाचे उत्तर असे: तुम्ही थांबवाल तिथे एक जात सापडेल, पण टिकून राहणारी गोष्ट जात नाही, ते एकसंध वाहणारे असणे आहे. द्रव्यगती हा सद्राच्या दर्शनातला सुटा सिद्धांत नव्हे. कायपण खरे मानले तर इब्न सीना जिंकतो.

पण द्रव्यगती शक्य आहे एवढ्याने ती घडते हे सिद्ध होत नाही. रंग, गोडी, मऊपणा हे सारे गुणच. आंबा तोच आहे, असे इब्न सीना म्हणेल. सद्राचे म्हणणे असे की गुणांना स्वतंत्र अस्तित्व नाही, त्यांचे निकटचे कारण वस्तूची प्रकृतीच. कारण पूर्ण आणि स्थिर असेल तर कार्यही स्थिरच हवे. रंग क्षणोक्षणी पालटतो, त्याअर्थी प्रकृतीही पालटते आहे. मग प्रकृतीला कोण पालटवते? कोणी नाही. तिला निर्माण करणारा तिला 'असणे' देतो. वाहणे हे तिचे असणेच आहे, वरून दिलेले काही नव्हे.

मला हा सांधा सर्वांत कच्चा वाटतो. इब्न सीनाकडे पर्याय होता: दगड खाली पडताना त्याची प्रकृती तीच राहते, पण प्रत्येक जागी उरलेले अंतर वेगळे असते, आणि दोन्ही मिळून पुढचे पाऊल ठरते. त्या बदलत्या स्थितीही शेवटी प्रकृतीतूनच येतात, असे सद्रा उत्तर देतो. पण आधीची स्थिती पुढचीला जन्म देते एवढ्याने भागत का नाही, हे त्याने पुरेसे दाखवले आहे असे मला वाटत नाही.

सिद्धांताचे खरे बळ दिसते ते गर्भाच्या उदाहरणात. इब्न सीनाच्या मते शरीर तयार झाले की अभौतिक आत्मा त्याला येऊन मिळतो. सद्रा म्हणतो, आत्मा जन्मतो शरीर म्हणून आणि टिकतो चैतन्य म्हणून. गर्भ आधी वनस्पतीसारखा नुसता वाढतो, मग प्राण्यासारखा संवेदना घेतो, पुढे कधीतरी विचार करू लागतो. एकच असणे तीव्र होत जाते. आधीचा अंगरखा उतरवून नवा चढवणे नव्हे, तर अंगरख्यावर अंगरखा. वाढण्याची शक्ती संवेदनेत लोपत नाही, तिच्यात सामावते. बौद्धांच्या क्षणिकवादाची आठवण येणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा: तिथे क्षण सुटे आहेत, इथे सुटे क्षण हीच मनाची कल्पना.

हिंदुस्थानातल्या मदरशांत 'सद्रा' नावाचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. ते म्हणजे अबहरीच्या ग्रंथावरचे सद्राचे भाष्य, मुख्यतः इब्न सीनाच्या चाकोरीतले. उलट द्रव्यगतीचा एकोणिसाव्या शतकातला एक नावाजलेला विरोधक, तेहरानच्या दारुश्शिफा मदरशात वर्षानुवर्षे इब्न सीना शिकवणारा मिर्झा अबुल हसन जिल्वे, जन्मला होता अहमदाबादला.