अडलेली उतरण

क्षेत्रफळ आणि खोल्यांची संख्या यांवरून घराची किंमत सांगणारे प्रारूप एक डेटा सायंटिस्ट तयार करीत होती. अंदाजातील चूक पावलापावलाने कमी करणारी 'ग्रेडियंट डिसेंट' पद्धत तिने वापरली. मात्र हजारो फेऱ्यांनंतरही चूक घटेना. क्षेत्रफळाचा गुणक लगेच स्थिरावला, खोल्यांचा जागचा हलेना. पाऊल वाढवले, की उत्तरच भरकटे.

दोष मापांत होता. दोन्ही स्तंभांतून सरासरी वजा केलेली होती. परंतु क्षेत्रफळाचे प्रमाण विचलन ५०० चौरस फूट, तर खोल्यांचे अवघे १. त्यामुळे चुकीच्या आलेखाला अरुंद घळीचा आकार आला होता: कडा अतितीव्र, तळ जवळपास सपाट. सर्वाधिक आणि किमान वक्रतेचे गुणोत्तर म्हणजे 'कंडिशन नंबर'. तो येथे सुमारे ३ लाख ९० हजार होता. कड्यांमुळे पाऊल इवलेसे ठेवावे लागे आणि तळावर त्याने अंतरच कापले जात नसे.

तिने प्रत्येक स्तंभाला त्याच्या प्रमाण विचलनाने भागले. गुणोत्तर ४ वर आले. काही डझन फेऱ्यांत उत्तर मिळाले.

हे उरलेले ४ दोन स्तंभांमधील ०.६ या सहसंबंधामुळे. तो ०.९९ असता, तर भागाकारानंतरही १९९ उरले असते.