इन्सुलिनचे पेन आणि वैशाखातले ऊन

बुलढाणा शहर घाटमाथ्यावर असल्याने तेथील उन्हाळा काहीसा सुसह्य असतो. मेहकर तालुक्यातील जानेफळला मात्र ती सवलत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याच्या छपराखालील खोली दुपारी त्याहूनही तापते. अशा घरात इन्सुलिनचे पेन कोठे ठेवावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

इन्सुलिन हे एक प्रथिन आहे. उष्णतेने त्याचे रेणू एकमेकांना चिकटू लागतात आणि औषधाचा जोर हळूहळू ओसरतो. द्रव अनेकदा पूर्वीसारखाच स्वच्छ दिसत असल्याने घरातील कोणाच्याही हे लक्षात येत नाही. समजा, एका ज्येष्ठ गृहस्थांचा डोस वीस युनिटांचा आहे आणि त्यांचे पेन खिडकीतील फळीवर राहिले. साखर वाढू लागली की दोष आमरसाला दिला जातो आणि डोस वाढवत सव्वीसवर नेला जातो. पुढे ते पेन संपते व फ्रीजमधले नवे, पूर्ण जोराचे पेन सुरू होते. सव्वीस युनिटे आता खरोखरच सव्वीस युनिटांचे काम करतात. मग घाम, थरथर आणि भोवळ येते. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाते. खरा धोका या दुसऱ्या टप्प्यात आहे. म्हणून कारण नसताना साखर वाढलेली दिसली, तर डोस परस्पर वाढवू नये. आधी पेन बदलून पाहावे आणि डॉक्टरांना तसे कळवावे. डोस वाढवलेलाच असेल, तर नवे पेन लावण्यापूर्वी त्यांना विचारावे.

न उघडलेली पेने फ्रीजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवायची असतात. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यालगतची आणि मागच्या भिंतीलगतची जागा टाळावी, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही निरुपयोगीच राहते. मधला कप्पा बरा. वापरात घेतलेले पेन फ्रीजबाहेर, बहुधा तीस अंशांखाली, चालते. बऱ्याच प्रकारांना अठ्ठावीस दिवसांची मुदत असते. नेमकी मुदत पेनसोबतच्या पत्रकात पाहावी. रोज सहा युनिटे घेणारा माणूस सुई तपासताना आणखी दोन सोडतो, म्हणजे आठ युनिटे खर्च होतात. तीनशे युनिटांच्या पेनमध्ये अठ्ठाविसाव्या दिवशी शहात्तर युनिटे उरतात. ती टाकून देणे जिवावर येते, पण द्यावीच लागतात. पेन उघडल्याची तारीख त्यावर चिकटपट्टी लावून लिहिली, तर वाद राहत नाही.

फ्रीज नसलेल्या घरात मडके उत्तम काम करते. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, त्यात कोरड्या झाकणाच्या डब्यात पेन आणि वर ओले फडके, एवढी व्यवस्था सावलीत पण वाऱ्याच्या जागी करावी. बाहेर बेचाळीस अंश तापमान आणि हवेत वीस टक्के आर्द्रता असेल, तर बाष्पीभवनाने तापमान फार तर चोवीस अंशांपर्यंत उतरू शकते. प्रत्यक्षात ते त्याहून दोन-चार अंश अधिक राहते. वैशाखाच्या कोरड्या हवेत हा उपाय साधतो, श्रावणाच्या दमट हवेत नाही. डब्यात छोटा तापमापक ठेवला की अंदाजावर विसंबावे लागत नाही.

केनियातील दादाब निर्वासित छावणीतील अशाच उष्णतेचा विचार करून जिनिव्हा विद्यापीठ व ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ यांनी केलेला अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री पंचवीस व दिवसा सदतीस अंश अशा चढउतारात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनचा जोर जेमतेम एक टक्का घटला होता. तेव्हा रात्रभर वीज गेली म्हणून पेने फेकून देण्याचे कारण नाही. फ्रीजचे दार मात्र बंद ठेवावे. बंद मोटारीतील उष्णतेला हा दिलासा लागू नाही. उन्हात उभ्या मोटारीचा आतला भाग तासाभरात याहून कितीतरी अधिक तापतो.

मे महिन्यात जानेफळहून शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास निघालेल्या कुटुंबाने पेन डिकीत किंवा काचेजवळ न ठेवता हातातील पिशवीत ठेवावे. पाण्यात भिजवून फुगणाऱ्या दाण्यांची थंड पिशवी औषधांच्या दुकानात मिळते. ती पाच-दहा मिनिटे भिजवून, पुसून वापरावी. मात्र हवा लागली तरच ती गार राहते, त्यामुळे प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. बर्फाला पेन थेट टेकवू नये. विमानप्रवासात ते सामानकक्षात न देता जवळ बाळगावे.

प्रत्येक वापरानंतर सुई काढून टाकावी. सुई लावलेली राहिली, तर तापल्यावर द्रव गळतो आणि गार झाल्यावर हवा आत शिरते. मग पुढचा डोस कमी भरतो. टोचण्यापूर्वी पेन उजेडात धरावे. स्वच्छ प्रकारचे इन्सुलिन पाण्यासारखे नितळ हवे. त्यात धूसरपणा वा कण दिसले, तर ते वापरू नये. दुधाळ प्रकार तळहातांमध्ये दहा वेळा फिरवून व दहा वेळा वरखाली करूनही गुठळ्या राहिल्या किंवा आतल्या भिंतीवर हिमासारखा थर दिसला, तर ते पेन बाद समजावे.