परगावची दिवाळी

असे समजा की, साताऱ्याकडचा एक तरुण पावसाळ्याच्या आरंभी नोकरी शोधण्यासाठी पुण्यास निघाला आहे. नोकरी मिळालीच, तर पहिल्या दिवाळीस रजा मिळेलच असे नाही. म्हणून घरचा आकाशकंदील बरोबर असावा, असे त्याच्या आईस वाटते. परंतु काड्यांचा कंदील ट्रंकेत मावत नाही आणि मावला तरी चेपतो. यावर उपाय म्हणजे उलगडून सपाट होणारा कंदील.

त्यासाठी ४० सेंटीमीटर लांब व २४ सेंटीमीटर रुंद असा रंगीत जाड कागद घ्यावा. तो लांबीच्या बाजूने मधोमध दुमडावा आणि घडीकडून कडेकडे दीड-दीड सेंटीमीटर अंतराने चिरा द्याव्यात. कडेला २ सेंटीमीटर कागद अखंड राखावा. ही कड अरुंद झाली, तर कंदील पहिल्याच वाऱ्यात फाटतो. आतील नळीसाठी तेवढ्याच लांबीचा, परंतु २० सेंटीमीटर रुंदीचा पांढरा ड्रॉइंगचा कागद घ्यावा.

दिवाळीच्या दिवशी पांढऱ्या कागदाची नळी करावी, तिच्याभोवती रंगीत कागद गुंडाळावा आणि दोहोंच्या वरच्या व खालच्या कडा जुळवून चापांनी पकडाव्यात. बाहेरचा कागद ४ सेंटीमीटरांनी उंच असल्यामुळे तो मध्ये फुगतो व चिरा उघडतात. कागद फुगला नाही, तर आतील नळी उंच झाली असे समजावे. खळ मात्र कोठेही लावू नये. कारण चाप काढताच दोन्ही कागद पुन्हा सपाट व्हावयास हवेत. ते दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवावेत. आत लहान एलईडी दिवा कागदास न टेकेल असा सोडावा. जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा तापतो व त्याने कागद करपतो.

उरलेले साहित्य एका पत्र्याच्या डब्यात मावते : थोडी रांगोळी आणि चार पणत्या. पणत्या एकीत एक रचू नयेत. प्रत्येक पणती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात निराळी गुंडाळावी. पावसाळ्यात रांगोळी ओल धरते. चिमटीतून ती सरळ न सुटता गोळ्यांनी पडू लागली, की कागदावर पसरून उन्हात वाळवावी. पुष्कळ वसतिगृहांत खोलीत ज्योत लावण्यास मनाई असते. म्हणून पणत्या लावण्यापूर्वी तेथील व्यवस्थापकांस विचारावे. परवानगी नसेल, तर पणत्या डब्यातच राहू द्याव्यात.

निघण्यापूर्वी आईने मुलाकडून कंदील एकदा जोडवून घ्यावा व पुन्हा उलगडवून घ्यावा. परगावी त्याला दाखविणारे कोणी नसेल. परंतु त्याच्या हातांना ती रीत ठाऊक असेल.