सव्वासातचा डबा

घरात पोहणारं मूल असलं की आईवडिलांचा जीव रात्रीच्या जेवणाकडे लागतो. दिवसभर दमलेलं पोर घरी येतं, ताट वाढलेलं असतं, चार पोळ्या, भात, तूप. पण दिवसातून दोनदा टँकवर जाणाऱ्या मुलाचं सगळ्यात महत्त्वाचं खाणं सकाळी सव्वासातचं असतं, आणि नेमकं तेच बुडतं. सराव संपतो, ओल्या केसांनी दप्तर उचलायचं, आठची शाळा गाठायची. डबा उघडतो तो थेट मधल्या सुट्टीत.

अडचण कुठे येते ते पाहू. पंधरा वर्षांची, पन्नास किलो वजनाची, शाकाहारी घरातली एक मुलगी धरा. सकाळी साडेपाच ते सव्वासात आणि संध्याकाळी साडेपाच ते सात असा तिचा सराव. जोराचे सेट मारताना स्नायू आपल्यातच साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जाळतात. हा साठा पुन्हा भरायला वेळ लागतो, आणि व्यायाम संपल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत तो सर्वांत वेगाने भरतो. संध्याकाळपर्यंत हातात दहा तास असतात. त्यातले पहिले तीन उपाशी गेले, तर ती दुसऱ्यांदा टँकमध्ये उतरते ती अर्धवट भरलेल्या साठ्यानेच. क्रीडा-आहाराचा ढोबळ हिशेब असा, की दोन सरावांमधला वेळ कमी असेल तर पहिले काही तास दर तासाला, दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं पोटात जावीत. हिच्यासाठी ते तासाला पन्नास ग्रॅम. सोबत स्नायूंच्या डागडुजीला पंधराएक ग्रॅम प्रथिनं.

आता हे पोळीच्या भाषेत मांडू. सराव सुटल्यावर कपडे बदलण्याच्या खोलीबाहेरच खायचं: थर्मासमधलं तीनशे मिलिलिटर दूध, त्यात दोन चमचे साखर, आणि गूळ लावून गुंडाळलेल्या दोन पोळ्या. कर्बोदकं पन्नासच्या वरच जातात. दुधातून दहा आणि पोळ्यांतून पाचएक ग्रॅम प्रथिनं मिळतात. प्रोटीन पावडरच्या महागड्या डब्याची इथे गरज पडत नाही. दूध पचत नसेल तर ताक पुरत नाही, ते फार पातळ असतं. घट्ट दही किंवा पनीरची गुंडाळी द्यावी. पुढच्या तासांचं काम छोट्या सुट्टीतली इडली किंवा दही-पोहे करतात. वर्गात पाण्याची बाटली हवीच. पाण्यात असल्यामुळे घाम दिसत नाही, पण तो येतोच.

सरावाआधी पहाटे पाचला भूक नसते, आणि पोटभर खाऊन पोहताही येत नाही. फ्लिप टर्न मारताना कोलांटी घेतली की पोटातलं घशाशी येतं. म्हणून एक केळं आणि दोन खजूर एवढंच. तेही जात नसेल तर आदल्या रात्रीचं जेवण चांगलं झालेलं हवं.

संध्याकाळच्या सरावाआधी, चारच्या सुमाराला, पोहे, उपमा किंवा जॅम-पोळी. शाळेतून येताना खाल्लेली मिसळ किंवा भजी मात्र नको. तेल आणि चोथा पोटात रेंगाळतात आणि पहिल्याच सेटला पोट धरायला लावतात. मोड आलेली मटकी, राजमा, पालेभाज्या उत्तमच, पण त्यांची जागा दुपारच्या आणि रात्रीच्या ताटात. वरून लिंबू पिळावं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. चहा जेवणाला लागून नको, तो तेच लोह अडवतो. शाकाहारी मुलींच्या बाबतीत हे जरा काटेकोरपणे पाळावं, कारण पाळी सुरू झाल्यावर लोह कमी पडायला वेळ लागत नाही. (संकष्टीचा उपास सरावाच्या दिवशी आला तर? साबुदाण्यातून ताकद मिळते, प्रथिनं जवळपास नाहीत. दाण्याचं कूट भरपूर घाला, सोबत दही द्या.)

खाणं कमी पडतंय हे वजनकाट्याच्या आधी घड्याळ सांगतं. सकाळी पन्नास मीटरचे सेट ठरलेल्या वेळेत येतात आणि संध्याकाळी तेच सेट मागे पडत जातात. सर म्हणतात, पोर आळशी झालीय. मग रात्री दहाला फ्रीज उघडला जातो, सकाळी उठवत नाही, सर्दी हटत नाही. एखाददुसरा दिवस असा जाणारच. पण हे दोनतीन आठवडे टिकलं तर आधी सव्वासातचा डबा तपासा. तो नीट जात असूनही थकवा राहिला, किंवा सुरू झालेली पाळी सलग तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं, रक्त तपासायचं. लोहाच्या गोळ्या दुकानातून आणून स्वतःच सुरू करायच्या नाहीत.

रात्रीचं जेवण मग आपोआप हलकं होतं: वरण-भात, पोळी, उसळ किंवा पनीर, आठच्या आत. झोपताना एक कप दूध. पावणेपाचला पुन्हा गजर वाजणार आहे.