सातबाऱ्यावर नाव चढवणारा विषाणू

कोरोनाच्या काळात आरटीपीसीआरचा कागद घरोघरी येऊन गेला. त्यातल्या ‘आरटी’चा अर्थ रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे उलटी नक्कल. कोरोनाच्या विषाणूचा मजकूर आरएनएवर लिहिलेला असतो आणि पीसीआर यंत्राला वाढवता येतो तो फक्त डीएनए. म्हणून नमुन्यातल्या आरएनएवरून आधी डीएनए लिहून घ्यावा लागतो. हे काम करणारे एन्झाइम अनेक किटमध्ये उंदरांना रक्ताचा कर्करोग देणाऱ्या एका विषाणूपासून घेतलेले असते. कोरोनाच्या विषाणूकडे स्वतःचे असे एन्झाइम नाही. रेट्रोव्हायरस म्हणवणाऱ्या विषाणूंकडे ते असते. माणसाला एड्सपर्यंत नेणारा एचआयव्ही त्यांच्यापैकीच एक.

हे वेगळेपण समजायला आधी सरळमार्गी विषाणू पाहावा, आणि त्यासाठी पोलिओइतका चांगला नमुना नाही. पोलिओचा विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचात गुंडाळलेली, सुमारे ७,५०० अक्षरांची आरएनएची एक पट्टी. आपल्या काही पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१५५ नावाचे प्रथिन असते. कवच त्यावर बरोबर बसते आणि विषाणू पेशीला चिकटतो. ज्या पेशीवर हे प्रथिन नाही तिथे तो शिरू शकत नाही. चिकटल्यावर कवचाचा आकार बदलतो, पडद्याला छिद्र पडते आणि आरएनए आत घसरतो. कवचाचे काम तिथेच संपते.

पेशीतले रायबोसोम आरएनए वाचून प्रथिने बनवतात. हा आरएनए आपला की परका, हे त्यांना कळत नाही. ते पोलिओची पट्टी लगेच वाचायला घेतात आणि एक लांबलचक प्रथिन विणतात. विषाणूच्याच प्रथिनातल्या कात्र्या त्याचे तुकडे करतात. एक तुकडा पेशीचे स्वतःचे काम बंद पाडतो, दुसरा आरएनएवरून आरएनएच्या प्रती काढू लागतो, काहींपासून नवी कवचे जुळतात. पेशी एकाची दोन होते, तसा विषाणू वाढत नाही. तो सुटा होतो, त्याचे भाग वेगवेगळे तयार होतात आणि मग त्यांची जुळणी होते. त्यामुळे मधले काही तास पेशी फोडून पाहिली तर तिच्यात एकही धड विषाणू सापडत नाही. सहा ते आठ तासांनी हजारो नवे विषाणू तयार होतात, पेशी फुटते आणि ते बाहेर पडतात. चिकटणे, शिरणे, कवच उतरणे, प्रती काढणे, जुळणी आणि सुटका हा क्रम थोड्याफार फरकाने सगळ्याच विषाणूंचा असतो.

या सगळ्यात पोलिओने पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएला हात लावलेला नाही. डीएनए म्हणजे तलाठ्याकडचे मूळ दप्तर समजा आणि आरएनए म्हणजे त्यावरून दिलेली नक्कल. पोलिओ खोटी नक्कल घेऊन कारखान्यात शिरला, माल बनवून घेतला आणि गेला. पेशी मेली, पण दप्तर कोरे राहिले. शरीराने विषाणूला हरवले की शिल्लक काही राहत नाही.

एचआयव्हीचा मजकूरही आरएनएवरच असतो, साधारण ९,२०० अक्षरांचा, आणि रायबोसोमला वाचता येईल अशाच दिशेने लिहिलेला. तो सीडी४ नावाच्या प्रथिनाला धरतो, मग शेजारच्या सीसीआर५ला, आणि त्याचे वेष्टन पेशीच्या पडद्यात मिसळून जाते. इथून पुढे वाट बदलते. पोलिओचा आरएनए थेट रायबोसोमकडे जातो. एचआयव्हीचा आरएनए शंकूच्या आकाराच्या पेटीतच राहतो आणि ती पेटी केंद्रकाकडे सरकते. पेटीत आरएनएच्या दोन प्रती असतात आणि सोबत तयार एन्झाइम, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज. पेशीकडे ते मागून मिळणार नाही, म्हणून विषाणू ते बरोबर घेऊन येतो.

या एन्झाइमची लिहिण्याची रीत मला विलक्षण वाटते. कोऱ्या जागेपासून त्याला सुरुवात करता येत नाही, आधीचा एखादा तुकडा लागतो. तो तुकडा विषाणूने मागच्या पेशीतून निघतानाच उचललेला असतो: लायसिन हे अमिनो आम्ल वाहणारा टीआरएनए. आरएनएच्या आरंभापासून सुमारे १८० अक्षरांवर तो बसतो आणि लेखन आरंभाच्या दिशेने सुरू होते. म्हणजे थोडे लिहिले की कागदच संपतो. मग एन्झाइमचा दुसरा भाग कामाला लागतो आणि नक्कल झालेला आरएनए कुरतडून टाकतो. मोकळा झालेला डीएनएचा तुकडा तिथून उडी मारून आरएनएच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. त्याला ती जागा सापडते, कारण आरएनएच्या दोन्ही टोकांना एकच मजकूर असतो. तिथून पुढे सलग लेखन होते आणि मागोमाग आरएनए नष्ट होत जातो. एक छोटा तुकडा मात्र कुरतडला जात नाही. डीएनएच्या दुसऱ्या धाग्याची सुरुवात त्याच्यापासून होते. आणखी एक उडी, आणि दुहेरी डीएनए तयार.

या उड्यांमुळे एक मोठी गोष्ट साधते. तयार झालेला डीएनए मूळ आरएनएपेक्षा लांब असतो आणि त्याच्या दोन्ही टोकांना सहाशेहून अधिक अक्षरांचा सारखाच मजकूर असतो. पेशीची यंत्रणा ‘इथून नक्कल काढायला घ्या’ अशी सूचना म्हणून जी खूण ओळखते, ती याच मजकुरात असते. आता इंटिग्रेज नावाचे एन्झाइम आपला डीएनए कापून त्यात हा नवा डीएनए जोडून टाकते. नकलेवरून मूळ दप्तरात नोंद झाली, विषाणूचे नाव सातबाऱ्यावर चढले. पेशीची एकाची दोन झाली की ही नोंद दोघींच्या वाट्याला जाते.

यापुढे पेशी स्वतःच्याच साधनांनी विषाणूचा आरएनए काढते. प्रथिने तयार होतात, पेशीच्या पडद्यापाशी गोळा होतात आणि पडद्याचाच तुकडा अंगावर ओढून कण बाहेर पडतो. हा कण अजून कच्चा असतो. प्रोटिएज नावाच्या कात्रीने त्यातली प्रथिने कापली की शंकूची पेटी घडते आणि मगच तो पुढच्या पेशीला लागण करू शकतो.

आरएनएवरून डीएनए लिहिला जातो, ही गोष्ट शास्त्रज्ञांना सहज पटली नव्हती. हॉवर्ड टेमिन कोंबड्यांना गाठी आणणाऱ्या राउस विषाणूवर काम करत होते. डीएनएवरून आरएनए निघणे थांबवणारे अॅक्टिनोमायसिन डी हे औषध दिले तरी पोलिओसारखा आरएनए विषाणू वाढत राहतो. राउस विषाणू मात्र थांबतो. म्हणजे त्याच्या वाटेत कुठेतरी डीएनए असलाच पाहिजे, असे टेमिन १९६०च्या दशकात सांगत राहिले, आणि फार थोड्यांनी मानले. १९७० मध्ये त्यांनी सातोशी मिझुतानी यांच्याबरोबर ते एन्झाइम दाखवून दिले. त्याच वेळी डेव्हिड बाल्टिमोर यांनीही स्वतंत्रपणे ते शोधले होते. त्यांनी उंदराच्या कर्करोगाचे विषाणूकण घेतले, त्यात डीएनएची चार प्रकारची सुटी अक्षरे घातली आणि डीएनए तयार होताना पाहिला. कणांतला आरएनए आधीच नष्ट केला, तर डीएनए होईना. दोन्ही शोधनिबंध ‘नेचर’च्या एकाच अंकात आले. पुढे १९८३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णाच्या गाठीतल्या पेशी वाढवल्या, तेव्हा रेट्रोव्हायरसची चाहूल लागली ती याच एन्झाइमच्या खुणेवरून.

हे एन्झाइम लिहिलेले तपासत नाही. साधारण तीन प्रतींमागे एक चूक राहून जाते. उपचार न घेतलेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे १००० कोटी विषाणूकण तयार होतात, हे लक्षात घेतले तर त्या चुकांचे वजन कळते. १९८७ मध्ये मान्यता मिळालेले पहिले औषध एझेडटी याच एन्झाइमला फसवते. ते डीएनएच्या एका अक्षरासारखे दिसते, एन्झाइम त्याला ओळीत बसवते, पण पुढचे अक्षर जोडायला लागणारा आकडा त्याला नसतो. ओळ तिथेच तुटते. युक्ती अचूक होती. तरीही एकट्या एझेडटीवर ठेवलेल्या अनेक रुग्णांत काही महिन्यांतच त्याला दाद न देणारा विषाणू दिसू लागला. लॅमिव्ह्युडिनचे तर असे आहे की एन्झाइमच्या १८४व्या जागी मेथिओनिनऐवजी व्हॅलिन आले, एवढ्या एका बदलाने औषध निष्प्रभ होते. रोज इतक्या प्रती निघत असताना हा एक बदल कुठेतरी होणारच. मात्र तीन औषधांना एकाच वेळी चुकवणारे सगळे बदल एकाच प्रतीत येणे फार अवघड. १९९६च्या सुमारास तीन औषधांचा मेळ आला आणि मृत्यू झपाट्याने घटले. आज आपल्या एआरटी केंद्रांवर बहुतेकांना मिळणाऱ्या गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर असतात. पहिली दोन उलटी नक्कल अडवतात, तिसरे नोंद चढू देत नाही.

नोंद चढलेली आहे की नाही, हे कळणे कधीकधी फार गरजेचे असते. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाच्या रक्तात आईची प्रतिपिंडे दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यामुळे नेहमीची चाचणी पॉझिटिव्ह आली तरी बाळाला लागण झाली आहे, असे म्हणता येत नाही. म्हणून सहाव्या आठवड्यापासून बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात आणि थेट विषाणूचा मजकूर शोधतात. त्यात पेशींच्या डीएनएत चढलेली नोंदही येते. दीड वर्ष वाट पाहावी लागत नाही. लागण झालेल्या बाळाला तेवढा वेळ नसतोही.

गोळी नव्या नोंदी थांबवते. आधीची नोंद खोडत नाही. लागण झालेल्या बहुतेक पेशी दोनेक दिवसांत मरतात, पण काही सीडी४ पेशी आठवण साठवणाऱ्या असतात. त्या वर्षानुवर्षे निवांत पडून राहतात आणि त्यांच्यातली नोंदही गप्प राहते. विषाणू तयारच होत नसल्याने औषधाला अडवायला तिथे काही नसते आणि प्रतिकारशक्तीला दिसायलाही काही नसते. गोळी नियमित घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, आणि त्याच्याकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला लागणही होत नाही. पण गोळी सोडली, तर बहुधा काही आठवड्यांतच यातली एखादी पेशी जागी होते आणि सगळे पुन्हा सुरू होते.

या निवांत पेशी आपोआप संपायला किती काळ लागेल, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. त्यांची संख्या निम्म्यावर यायला सुमारे ४४ महिने लागतात. सुरुवातीला अशा दहा लाख पेशी धरल्या, तर त्या एकावर येईपर्यंत वीस वेळा निम्म्या व्हाव्या लागतील. वीस गुणिले ४४ म्हणजे ८८० महिने, म्हणजे त्र्याहत्तर वर्षे. पंचविसाव्या वर्षी गोळी सुरू केलेला माणूस तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षांचा असेल.