संसाराचा हिशेब (भाग ६) : दोघांचं खातं, एकेकाचं खातं

मागच्या भागात महिन्याचा घरखर्च कागदावर मांडला. आता तो खर्च कोणत्या खात्यातून व्हावा, ते पाहू.

उदाहरणाला पुण्यातलं एक जोडपं घेऊ. तिचा पगार ४५ हजार, त्याचा ७५ हजार. भाडं २२ हजार, वाणसामान-भाजी-दूध १३ हजार, मुलीची शाळा आणि रिक्षा ६ हजार, वीज-गॅस-इंटरनेट ४ हजार, कामाच्या मावशींचे ३ हजार. एकूण ४८ हजार. निम्मं निम्मं भरायचं म्हटलं तर प्रत्येकी २४ हजार. मग तिच्या हाती २१ हजार उरतात आणि त्याच्या हाती ५१ हजार. दहा वर्षांनी तिची स्वतःची पुंजी का साठली नाही, याचं उत्तर याच वाटणीत असतं. त्याऐवजी दोघांनी पगाराच्या ४० टक्के भरले, तर ती १८ हजार देते, तो ३० हजार. उरलेले २७ आणि ४५ हजार आपापल्या खात्यात राहतात, आणि त्यांचा हिशेब कोणी कोणाला मागायचा नाही. मला हीच वाटणी न्याय्य वाटते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ही रक्कम आपोआप संयुक्त खात्यात जाईल, अशी सूचना बँकेला एकदाच देऊन ठेवावी.

संयुक्त खातं उघडताना फॉर्मवर व्यवहार कोण करणार, हा रकाना असतो. तिथे ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ निवडलं, की दोघांपैकी कोणीही एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतं आणि एकजण गेल्यावर दुसऱ्याला खातं चालवता येतं. ‘जॉइंटली’वर खूण झाली, तर प्रत्येक चेकवर दोन सह्या लागतात.

स्वतंत्र खात्याची अडचण आजारपणात कळते. नवरा अतिदक्षता विभागात आहे, पैसे त्याच्या एकट्याच्या खात्यात आहेत आणि बायको नॉमिनी आहे. तरी तिला एक रुपयाही काढता येत नाही, कारण नॉमिनीचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतरच सुरू होतो. म्हणून निदान तीन महिन्यांचा घरखर्च, म्हणजे या घरात १ लाख ४४ हजार, संयुक्त खात्यात असावा. बाकीची बचत खुशाल वेगळी ठेवा.

ही रक्कम मुदत ठेवीत टाकणार असाल, तर आणखी एक गोष्ट विचारून घ्या. ठेव दोघांच्या नावे ‘आयदर ऑर सर्व्हायवर’ असली, तरी एकट्याची सही साधारणपणे मुदत संपल्यावर चालते. मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्या सह्या मागते, आणि एकजण गेला असेल तर त्याच्या वारसांची संमतीही मागू शकते. हे टाळायचं तर मागे राहणाऱ्याला ठेव मुदतीआधी मोडता येईल, अशी दोघांच्या सहीची लेखी सूचना बँकेकडे आधीच द्यावी लागते. जुन्या ठेवींवर ती दिली आहे का, हे याच आठवड्यात शाखेत जाऊन पाहून या.